हेतू : कुटुंबखर्च

बँकेच्या त्या फॉर्मवर एक रकाना होता: परदेशातून पैसे कशासाठी येत आहेत. मी सही केली तेव्हा तो रकाना भरलेला होता, आणि मी तो वाचला नव्हता. वाचला असता तरी सही केलीच असती, हे आधीच सांगून टाकते. उगाच भोळेपणाचा आव आणण्यात अर्थ नाही.

पनवेलच्या त्या शाखेत परदेशी पैशांचं एकच टेबल होतं. त्या टेबलापुढे बसलेल्या बायका बहुतेक एकाच जातकुळीच्या असत. कुणाचा नवरा जहाजावर, कुणाचा भाऊ कुवेतला. उरणकडच्या, करंजाच्या, इकडे ओव्यापर्यंतच्या. टेबलावरच्या क्लार्कला ते सगळं इतकं पाठ झालं होतं की तो वर न बघताच फॉर्म भरायचा. माझी पाळी आली तेव्हा त्याने पासबुकावरचं आडनाव पाहिलं. आडनाव सासरचं, म्हणजे करंजाचं. "मिस्टर शिपवर ना?" त्याने विचारलं.

मी मान हलवली.

बस, एवढंच. त्याने लिहिलं: पाठवणाऱ्याशी नातं, पती. हेतू, कुटुंबखर्च. खाली एक बारीक ओळ होती, पुढे येणाऱ्या प्रत्येक रकमेला हाच हेतू लावावा अशी. तिथेही फुली मारून झाली. "आता दर वेळी यायला नको मॅडम, आपोआप जमा होतील," तो म्हणाला. मला केवढं बरं वाटलं! दर वेळी यायला नको, दर वेळी सांगायला नको.

माझा नवरा जहाजावर नव्हता. तो बंदराजवळच्या कंटेनर यार्डात सुपरवायझर होता, आणि रोज संध्याकाळी खांदा कॉलनीतल्या आमच्या दोन खोल्यांत येऊन बूट दाराशी काढायचा. पैसे पाठवत होती इंग्लंडच्या उत्तरेकडच्या एका गावातली बाई. तिला मी कधी पाहिलं नव्हतं.

आता ते काम काय होतं ते सांगते. तेव्हा कुणालाच सांगितलं नव्हतं, म्हणून तर हे सगळं झालं.

मी मूळची पनवेलचीच. बारावीनंतर गावातल्या एका फोटो स्टुडिओत कामाला लागले. लग्नाचे अल्बम. नवरीचे पिंपल्स पुसायचे, मामाचं सुटलेलं पोट आत घ्यायचं, मंडपामागचा कचरा काढून तिथे ताजमहाल लावायचा. हो, ताजमहाल! गिऱ्हाईकच मागायचं, मी काय करू. नवराही तिथेच भेटला. बहिणीच्या लग्नाचा अल्बम घ्यायला आला आणि अल्बम चांगला झालाय हे सांगायला आणखी चार वेळा आला. माझ्या घरी कोळ्यांची सून होणार म्हणून थोडी आदळआपट झाली, त्याच्या घरी स्टुडिओत काम करणारी पोरगी म्हणून झाली. मग दोन्हीकडचे थकले.

लग्नानंतर तिसऱ्या वर्षी मला दिवस गेले. नववा महिना लागला, आणि एका दुपारी लक्षात आलं की सकाळपासून पोटात काही हललेलंच नाही. पुढचं मी फार सांगत नाही. मुलगी होती. मी अर्धवट शुद्धीत होते. नर्सने काहीतरी पांढऱ्यात गुंडाळलेलं उचललं, आणि माझी सासू माझ्या आणि त्या नर्सच्या मध्ये येऊन उभी राहिली. सासू करंजाच्या धक्क्यावर तीस वर्षं मासळी विकलेली बाई, पहाडासारखी. माझ्या कपाळावर हात ठेवून म्हणाली, "बघू नको बाय. बघितलंस तर तिचा पाय निघायचा नाय, आनि तुजा बी नाय."

मी नाही बघितलं. नवऱ्याने तिला उचलून नेलं आणि करंजाला, त्यांच्या जागेत, पुरून आला. आला तेव्हा पायाला चिखल होता. मी काही विचारलं नाही, त्याने काही सांगितलं नाही. त्यानंतर घरात तो विषयच बंद झाला. सासू वाईट नव्हती, हे मला नीट लिहायचंय. तिला जे माहीत होतं ते तिने केलं. पण मला त्या दिवसापासून एकच गोष्ट खात होती: माझ्या मुलीचा चेहरा मला माहीत नाही. रस्त्यात चपलेचा पट्टा तुटला तरी मला रडू यायचं, आणि लोक म्हणायचे, काय बाई ही.

स्टुडिओत परत जाववेना. नवऱ्याने एक जुना कॉम्प्युटर आणि नेट घेऊन दिलं. घरबसल्या काम देणाऱ्या एका वेबसाइटवर मी नाव नोंदवलं, आणि तिथे ही जाहिरात सापडली. फोटो दुरुस्तीचं काम, नाजूक विषय, आधी पत्राने बोलू.

ती बाई फोटोग्राफर होती. हॉस्पिटलं तिला बोलवायची, मूल जन्मतःच गेलेलं असलं की. ती जाऊन त्या बाळाचे फोटो काढायची, आईबापांना द्यायला. त्यांच्याकडे तशी पद्धत होती. खर्च हॉस्पिटलला मिळालेल्या देणग्यांतून व्हायचा. फोटो मात्र तसेच देता येत नाहीत. कातडी सोललेली असते, ओठ काळे पडलेले असतात, नळीच्या चिकटपट्टीचा वण असतो. ते हलक्या हाताने सावरायचं. तिने पहिल्याच पत्रात विचारलं होतं, हे काम तुम्ही का मागताय? मी वेड्यासारखं खरं लिहिलं. जगात तेव्हा तिला एकटीलाच मी ते सांगितलं, तेही डिक्शनरी बघून लिहिलेल्या इंग्रजीत.

तिचे नियम कडक. बाळ जिवंत दिसेल असं काही करायचं नाही. गालांवर गुलाबी चढवायचा नाही. मिटलेले डोळे उघडायचे नाहीत. काही आईबाप तसं मागत, ती नाही म्हणे. अर्धे उघडे असतील तर अलगद मिटवायचे. आणि काम पोचल्यावर तीस दिवसांत सगळ्या फायली पुसून टाकायच्या, कारण ती बाळं त्यांच्या आईबापांची, आपली नाहीत. मी एकही फाइल ठेवली नाही. माझ्या शब्दावर कुणाचा विश्वास बसो न बसो, या बाबतीत मी सोन्यासारखी वागले.

स्क्रीन मी भिंतीकडे तोंड करून ठेवली होती, दारातून दिसणार नाही अशी. घरात सांगितलं, फॉरेनच्या लग्नाचे अल्बम आहेत. सासू कधी आत डोकवायची आणि म्हणायची, "त्या लोकांची लग्ना बारा मैने चालूच का गो?" मी म्हणायची, हो ना, त्यांना मुहूर्त लागत नाही. ती हसायची. आणि मी तिकडे कुणाच्या तरी लेकीच्या कपाळावरची निळी छाया एकेक ठिपका करून कमी करत असायची.

हे भयंकर काम होतं असं लोकांना वाटेल. मला त्याचाच आधार होता. प्रत्येक नवीन फोटो उघडताना मला वाटायचं, अशी असेल का? हिच्यासारखी असेल का? हे बंद झालं असतं तर मी काय केलं असतं, मला खरंच माहीत नाही.

तर असं हे तीनेक वर्षं चाललं. महिनाअखेरीला मी बाईला मेल करायची, या महिन्यात इतके फोटो. ती पैसे पाठवायची. बँकेत ते नवऱ्याने पाठवलेला कुटुंबखर्च म्हणून जमा व्हायचे. आणि गंमत बघा, इन्कम टॅक्सचा रिटर्न भरणारा आमचा जुन्या पनवेलमधला अकाउंटंट होता, त्याने पहिल्याच वर्षी विचारलं होतं, "उत्पन्न कसलं?" मी म्हटलं फोटो एडिटिंग. त्याने तसंच लिहिलं, कर बसला तेव्हा भरलाही. म्हणजे मी टॅक्सवाल्यांना खरं सांगत होते आणि बँकेला खोटं. सहसा लोक उलटं करतात.

मग बाईने आपल्या कामाची रीतसर कंपनी काढली. त्या महिन्यापासून पैसे तिच्या नावावरून न येता कंपनीच्या खात्यावरून निघाले. आणि तिथेच माझं पितळ उघडं पडलं. कंपनी कुणाचा नवरा असू शकत नाही.

पैसे जमा झाले नाहीत. आठवड्याने बँकेचं पत्र आलं. पत्र इंग्रजीत होतं, पण मतलब सरळ होता. पाठवणारी संस्था आणि जाहीर केलेला हेतू जुळत नाहीत. याआधीच्या रकमाही पती नसलेल्या व्यक्तीकडून आल्याचं दिसतं. पैशाचा स्रोत आणि कारण पंधरा दिवसांत पुराव्यासह कळवावं. नाहीतर आलेली रक्कम परत पाठवली जाईल, परदेशी रकमा या खात्यात घेणं थांबेल आणि बाब वरच्या कार्यालयाकडे कळवली जाईल. पैसे परत गेले असते तर गेले असते, पण बाईने दुसरी कुणीतरी शोधली असती. तिने तरी किती थांबायचं? बाळं काय थांबतात?

दुसऱ्याच दिवशी शाखेत गेले. तो क्लार्क बदलून गेला होता. आत केबिनमध्ये एक डेप्युटी मॅनेजर होते, पन्नाशीचे, विदर्भाकडचे असावेत बोलण्यावरून. समोर माझी फाइल उघडी. त्यांनी तो पहिला फॉर्म माझ्यापुढे सरकवला.

"ही सही तुमची?"

"हो."

"पती परदेशात आहेत?"

"नाहीत. बंदरावर असतात."

"कधी होते?"

"कधीच नव्हते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग मॅडम, असं का लिहून दिलं तुम्ही?"

मी म्हटलं, "मी लिहिलं नाही. तुमच्या माणसाने लिहिलं." आणि म्हणता म्हणता माझी मलाच लाज वाटली, कारण मान तर मी हलवली होती. "पण मी अडवलं नाही," मी पुढे म्हटलं. "चूक माझी आहे."

ते जरा नरमले. माणूस वाईट नव्हता, नियमाचा होता. त्यांनी कागदावर यादी करून दिली. काय सेवा देता त्याचा करार. दर महिन्याची बिलं, नाहीतर मागणीचा पत्रव्यवहार. क्लायंटचं पत्र, पैसे कशाचे ते सांगणारं. इन्कम टॅक्सच्या रिटर्नच्या पावत्या. केलेल्या कामाचा नमुना. जुन्या सगळ्या नोंदींचा हेतू दुरुस्त करून घेण्याचा अर्ज. आणि शेवटी, फॉर्मवर नातं पती लिहिलंय म्हणून पतीचं लेखी निवेदन: मी परदेशात नाही, हे पैसे मी पाठवलेले नाहीत, पत्नीच्या कामाचे आहेत. "त्यांना इथे सही करायला आणा. माझ्यासमोर."

पाचव्या आणि सातव्या ओळीवर मी अडकले. नमुना माझ्याकडे नव्हता, पुसून टाकला होता, एकूण एक. आणि नवरा... त्याला मी काय म्हणून आणणार होते?

आधी अकाउंटंटकडे गेले. तो म्हणाला, "बिलं नाहीत? मग आज बनवा की जुन्या तारखांची, एका बैठकीत होतील." घरी येऊन मी तीन बनवलीसुद्धा. चौथ्याची तारीख टाकताना माझ्या डोक्यात तिडीक गेली. एका खोट्यातून बाहेर पडायला हे दुसरं खोटं, तेही बँकेत तारखा मोजणाऱ्या माणसापुढे! तिन्ही टराटरा फाडली. मग दर महिन्याचे मेल छापून काढले, वर तारखा दिसतील असे, आणि प्रत्येकाशेजारी पासबुकातली ओळ पेन्सिलीने लिहिली. मेलमधला आकडा आणि जमा झालेला आकडा कुठेच जुळेना. दर वेळी थोडे कमी. रडकुंडीला आले. बाईला विचारलं तर ती म्हणाली, वाटेतल्या बँका आपले चार्ज कापून घेतात, मलाही त्याची पावती मिळते. पावत्या तिने पाठवल्या. फरक तेवढाच निघाला. त्या दिवशी जरा घास गोड लागला.

बाईने पत्र दिलं, करार दिला. नमुन्याचं मात्र मी तिला घाबरत घाबरत लिहिलं. वाटलं, ती उखडणार. दोन दिवसांनी तिने एक फोटो पाठवला, आधीचा आणि नंतरचा, आणि सोबत एका आईचं पत्र. तिने आपल्या जुन्या आईबापांपैकी एकीला विचारलं होतं. भारतात एका बँकेला दाखवायचा आहे, त्यांच्या फाइलीत राहील, चालेल का? त्या आईने लिहिलं होतं: चालेल. खूप दिवसांत तिला नवीन कुणी पाहिलेलं नाही. जो बघेल त्याला सांगा, तिचं वजन सहा पौंड होतं.

मी ते पत्र वाचलं आणि बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसले. मला राग आला होता. त्या आईचा नाही. तिच्याकडे फोटो होता, वजन होतं, नाव होतं, परवानगी देता येईल इतकी ती मुलगी तिची होती. आणि माझ्या मुलीचं? माझ्याकडे एक चिटोरा नव्हता. माझा राग कुणावर काढू हेच मला कळत नव्हतं. म्हणून संध्याकाळी तो नवऱ्यावर निघाला.

तो बूट काढत होता. मी म्हटलं, "उद्या अर्धा दिवस रजा टाक, बँकेत सही करायचीय."

"कसली सही?"

"मी तुला जहाजावर पाठवलंय, तिथून उतरवायची."

त्याला वाटलं मी चेष्टा करतेय. मग पत्र वाचलं, आणि कधी नव्हे तो चिडला. "माझ्या नावावर खोटं लिवलंस? तीन वर्सं? लग्नाच्या अल्बमाला लपवायचा काय हाय एवढा?"

"लग्नाचे अल्बम नाहीत."

"मग?"

सासू स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली होती. मला तिच्यासमोर बोलवेना. मी म्हटलं, "उद्या बघशीलच." तो जेवला नाही. मी पण नाही. सासूने दोन्ही ताटं झाकून ठेवली आणि काही विचारलं नाही. त्याचीच मला जास्त भीती वाटली.

सकाळी मोटरसायकलवर मागे बसून गेले, कागद ओढणीखाली धरून.

साहेबांनी एकेक कागद बघितला. मेल, पासबुक, कापलेल्या चार्जच्या पावत्या, रिटर्न. मधे मधे पेनाने बरोबर खूण करत गेले. करारातली ओळ त्यांनी दोनदा वाचली आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "हे... म्हणजे गेलेल्या बाळांचं?"

"हो."

शेजारी नवरा हललासुद्धा नाही. मी त्याच्याकडे बघितलं नाही. माझी नजर टेबलाच्या काचेखालच्या कुठल्याशा देवाच्या फोटोवर होती.

"नमुना," साहेब म्हणाले. मी पाकिटातून तो कागद काढून दिला. डावीकडे मूळ फोटो, उजवीकडे माझ्या हातचा. त्यांनी घेतला आणि लगेच उपडा ठेवला. मग, मला वाटतं त्यांना ते स्वतःलाच बरं वाटलं नसावं, परत उलटला आणि नीट बघितला. मी म्हटलं, "तिच्या आईने सांगायला सांगितलंय, सहा पौंड वजन होतं." का म्हटलं कुणास ठाऊक. सांगा म्हणून सांगितलं होतं, म्हणून सांगितलं.

साहेबांनी मान डोलवली. शिपायाला बोलावून कागदाची झेरॉक्स करायला दिली. झेरॉक्स आली, काळीपांढरी, गालावर एक आडवी रेघ उमटलेली. ते रेघ उमटवणारं मशीन मला आजही आठवलं की संताप होतो. साहेबांनी सवयीने ती माझ्यापुढे ठेवली. "सेल्फ अटेस्ट करा. फोटोवरून आडवी सही घ्या, अर्धी फोटोवर, अर्धी कागदावर."

मी पेन उचललं, आणि मला ते टेकवता येईना.

"फोटोवर नको," नवरा म्हणाला. सकाळपासूनचं त्याचं पहिलं वाक्य. "खाली करंल ती. कागदावर जागा हाय."

"तसा नियम..." साहेब म्हणाले, आणि थांबले. "चालेल. खाली करा."

मी खाली सही केली. मग नवऱ्यासमोर त्याचं निवेदन आलं. मी परदेशात नाही. हे पैसे मी पाठवलेले नाहीत. पत्नी मृत अर्भकांच्या छायाचित्रांवर काम करते, त्याचा हा मोबदला आहे. शेवटचं वाक्य साहेबांनी तिथल्या तिथे हाताने वाढवलं होतं. नवऱ्याने सगळं वाचलं, वाचताना बोट फिरवत, आणि सही केली. सही करून झाल्यावर त्याने तो नमुन्याचा कागद स्वतःकडे ओढला. उजवीकडच्या बाळाकडे नाही, डावीकडच्या, मूळ फोटोकडे बघत बसला.

साहेब म्हणाले, अर्ज वर पाठवतो, सेवा म्हणून नोंद होईल, जुन्याही दुरुस्त होतील, चारपाच दिवस लागतील. पुढच्या वेळेपासून बिलं करत जा. मी हो हो म्हणत होते. काम झालं होतं. ज्याच्यासाठी पंधरा दिवस जीव टांगणीला लागला होता ते झालं होतं, आणि मला त्यातलं काहीही ऐकू येत नव्हतं.

बाहेर आलो. त्याने गाडीची किल्ली काढली पण लावली नाही. बँकेशेजारी रसवंती होती, तिच्या पत्र्याच्या सावलीत उभे राहिलो. मला वाटलं, आता म्हणेल, बंद कर हे. म्हणेल, आईला कळलं तर काय. मी भांडायची तयारी करून उभी होते, सगळी वाक्यं जुळवून.

तो म्हणाला, "रोज बघतेस?"

"रोज."

"आपली दिसते का त्यांच्यात, म्हणून?"

मला त्याने ते ओळखलेलं सहन झालं नाही. मी त्याच्या दंडावर जोरात मारलं, भर रस्त्यात. "मला काय माहीत कशी दिसते! मला कुणी दाखवलीय? तू बघितलीस, तुझ्या आईने बघितली, नर्सने बघितली! मी सोडून सगळ्यांनी बघितली!"

रसवाला चरक थांबवून बघायला लागला. नवऱ्याने मला अडवलं नाही. मग तो बोलायला लागला, खाली गाडीच्या चाकाकडे बघत, थांबत थांबत.

"केस लय होते. काळे. तुज्यासारका कपाळ, रुंद. नाक माजा, बसका. कपडा सोडून बघितली मी. आयनी नको म्हटलंता, तरी बघितली. तिचे डोळे अर्धे उघडे होते."

"तसेच मातीत कसे घालायचे," तो म्हणाला. "मी मिटवले. अंगठ्यानी. एक मिटला, दुसरा मिटत नव्हता. लय वेळ धरून बसलो."

त्याने अंगठा माझ्यासमोर धरला. मी तो हातात घेतला. पाच दिवसांनी पैसे जमा झाल्याचा मेसेज आला, आणि त्याच दुपारी बाईचे नवीन फोटो आले. पहिल्याच बाळाचे डोळे अर्धे उघडे होते. मला ते त्या दिवशी मिटवता आले नाहीत.